एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या खोक्यातून अडकलेली डिस्क कशी काढायची: लपलेल्या क्लिपा शोधण्याची रीत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपता संपता त्याच्या टेबलावरच्या ४ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कचं यूएसबी सॉकेट सैल झालं. आधी केबल एका विशिष्ट कोनात धरली की डिस्क दिसायची, मग तेवढंही बंद झालं. आतली डिस्क मात्र नीट फिरत होती. खोकं उघडून डिस्क बाहेर काढायची आणि दुसऱ्या मार्गाने जोडायची, एवढंच काम होतं. पण खोक्याला कुठेही स्क्रू दिसेना. दोघांनी मिळून ओढून पाहिलं तरी ते हलेना.

अशी खोकी क्लिपांवर बंद केलेली असतात आणि त्या क्लिपा बाहेरून दिसत नाहीत. त्या कुठे आहेत हे कळलं की उघडायला जोर लागत नाही. कळलं नाही, तर माणूस स्क्रूड्रायव्हर खुपसतो, खोकं फोडतो आणि कधीकधी डिस्कही घालवतो. म्हणून क्लिपा शोधण्याचा भाग मी सविस्तर लिहितेय. बाकीचं थोडक्यात.

हा लेख टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कसाठी आहे. तिच्यात ३.५ इंची डिस्क असते आणि तिला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. खिशात मावणाऱ्या २.५ इंची पोर्टेबल डिस्कचा मामला वेगळा आहे. त्यातल्या बऱ्याच डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्याच सर्किट बोर्डवर बसवलेलं असतं, आत डिस्क थेट कंप्युटरला जोडायचा साटा कनेक्टर नसतोच. अशी डिस्क खोक्यातून काढूनही दुसरीकडे जोडता येत नाही. पोर्टेबल डिस्क असेल तर तुमच्या मॉडेलच्या आत काय आहे हे कळल्याशिवाय ती उघडू नका.

१. उघडण्याआधी: दोष खोक्याचा की डिस्कचा?

पहिल्यांदा दुसरी केबल लावून बघा. मग अडॅप्टर तपासा. मल्टिमीटर असेल तर त्याच्या टोकाला १२ व्होल्टच्या आसपास दाखवलं पाहिजे. मीटर नसेल तर तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. अडॅप्टर जुना झाला की दिवा लागतो, पण डिस्क फिरवायला लागणारा करंट तो देऊ शकत नाही. मग डिस्क सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. अशा वेळी खोकं उघडायची गरजच नसते.

आता खोक्याला कान लावा. सुरू होताना गुणगुण वाढत जाऊन एकसारखी झाली तर डिस्क बहुधा ठीक आहे आणि बिघाड सॉकेटमध्ये किंवा आतल्या छोट्या बोर्डमध्ये आहे. ठराविक अंतराने टक्-टक् किंवा खरडल्यासारखा आवाज आला तर लगेच वीज बंद करा. तो डिस्कच्या आतला बिघाड आहे. तिथे खोकं उघडून उपयोग नाही. ती डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्यायची.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट सांगावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरात दुकानांत पाणी शिरलं होतं. पुरात भिजलेली डिस्क कुणी जपून ठेवली असेल, तर ती वाळलेली दिसली तरी वीज लावू नका. बहुतेक डिस्कच्या झाकणावर हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्यातून पाणी आणि गाळ आत गेलेला असू शकतो. ही रीत तिच्यासाठी नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर तीही बघून घ्या. खोकं उघडलं की ती बहुधा जाते.

२. लागणारं सामान

- मुदत संपलेली एटीएम कार्डं किंवा तशीच प्लॅस्टिकची कार्डं, चार-पाच
- कात्री आणि कागदी चिकटपट्टी
- पेन्सिल आणि बारीक झोताची बॅटरी
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि जमल्यास टॉर्क्स बिट्सचा छोटा सेट
- जाड टॉवेल
- ३.५ इंची डिस्क चालवणारा यूएसबी-साटा डॉक, स्वतःच्या १२ व्होल्ट अडॅप्टरसकट
- डेटा उतरवून घ्यायला पुरेशी मोकळी दुसरी डिस्क

एटीएम कार्ड साधारण ०.७६ मिलिमीटर जाड असतं. फटीत जाण्याइतकं ते पातळ असतं आणि क्लिप उचलून धरण्याइतकं ताठही. पत्त्याचं पान दुमडतं. लोखंडी पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर ताठ असतो, पण काठ चेमटवतो आणि निसटला तर थेट सर्किट बोर्डवर जातो. म्हणून खोकं पूर्ण उघडेपर्यंत लोखंडी काहीही हातात घेऊ नका.

प्रत्येक कार्डाच्या लांबीत दोन किंवा तीन पट्ट्या कापा. टोकाचे कोपरे थोडे गोल करा. टोकापासून १५ मिलिमीटरवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. ही खोलीची खूण. पट्टी यापेक्षा आत घालायची नाही, म्हणजे ती बोर्डला लागत नाही.

३. खोकं कसं जोडलंय ते ओळखा

केबल आणि अडॅप्टर काढा. डिस्क नुकतीच चालू असेल तर अर्धा मिनिट तरी थांबा. आतल्या चकत्या पूर्ण थांबल्याशिवाय ती उचलायची किंवा आडवी करायची नाही.

आता टॉवेलवर खोकं आडवं ठेवा आणि जोडाची रेघ शोधा. अशी खोकी बहुधा काडेपेटीसारखी असतात. बाहेर चारही बाजूंनी वेढणारं आवरण आणि त्यात सरकणारा खण. डिस्क खणात बसवलेली असते. ज्या बाजूला यूएसबीचं आणि पॉवरचं सॉकेट आहे, ती मागची भिंत बहुतेक वेळा खणाचाच भाग असते. तसं असेल तर खण मागच्या दिशेने बाहेर येतो. सॉकेटच्या भिंतीभोवती रेघ फिरत असेल तर हीच रचना आहे असं समजा. रेघ दुसऱ्याच टोकाला असेल तर तिकडून सुरुवात करायची.

याच वेळी लपलेले स्क्रू आहेत का ते बघा. रबरी पाय नखाने थोडे उचलून पाहा. स्टिकरवर अंगठा दाबत फिरवा. खाली स्क्रूचं भोक असेल तर त्या जागी स्टिकर आत जातो. स्क्रू असतील तर ते आधी काढा. एक स्क्रू जरी राहिला तरी पुढचं सगळं वाया जातं.

४. क्लिपा शोधा

आमच्या शेजारी राहणारे काका उद्यमनगरात प्लॅस्टिक मोल्डिंगच्या डाय बनवतात. खोकं हातात घेऊन त्यांनी फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ओढून कसं निघंल? ते ओढाय केलेलंच न्हाई. आकडा उचलून धर, मग आपसूक सुटतंय."

त्यांनी कागदावर आकडा काढून दाखवला तेव्हा सगळं लक्षात आलं. क्लिप म्हणजे प्लॅस्टिकच्या भिंतीवर आलेला छोटा आकडा. त्याची एक बाजू उतरती असते आणि दुसरी सरळ उभी. खण आत ढकलताना त्याची कड उतारावर चढते, भिंत जराशी वाकते आणि आकडा खाचेत टक् करून पडतो. बाहेर ओढताना मात्र खाचेची कड त्या उभ्या बाजूला अडते. जितकं ओढाल तितकी ती घट्ट दाबली जाते. म्हणून दोघांनी ओढूनही खोकं हललं नव्हतं. आकडा एखाद मिलिमीटर उचलला की अडायला काही उरत नाही.

आता शोधायचं कसं? मागच्या भिंतीशेजारी, आवरणाची कड आणि खण यांच्यामधल्या फटीत पट्टीचा एक कोपरा घाला, ३-४ मिलिमीटरच. पट्टी आवरणाच्या आतल्या अंगाला टेकवून फटीच्या कडेने हळूहळू सरकवत न्या. ती सुळसुळीत पुढे जाते आणि एका जागी अडते. ती थोडी मागे घेऊन पलीकडून घाला आणि उलट दिशेने आणा. पुन्हा त्याच जागी अडली की तिथे क्लिप आहे. दोन्ही बाजूंनी अडल्याच्या जागांमधलं अंतर म्हणजे क्लिपची रुंदी. बाहेरून चिकटपट्टी लावून पेन्सिलने खूण करा. पट्टी कुठेच अडली नाही तर क्लिप त्याहून आत आहे. तेव्हा प्रत्येक फेरीला पट्टी २-३ मिलिमीटर आणखी आत घालून तोच प्रकार पुन्हा करा, १५ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत.

चारही बाजूंनी अशी फेरी मारा. एक सापडली म्हणून थांबू नका. आमच्या खोक्यात लांब बाजूंना दोन-दोन, कोपऱ्यापासून साधारण तीन बोटं आत, अशा चार क्लिपा होत्या. अरुंद बाजूंना एकही नव्हती. बहुधा समोरासमोर जोडी असते, त्यामुळे एका बाजूला सापडलेल्या जागेच्या बरोबर समोर आधी बघा.

आणखी दोन खुणा उपयोगी पडतात. आवरणाची कड अंगठ्याने दाबत जा. क्लिपांच्या मध्ये ती लवते, क्लिपच्या जागी कडक लागते. आणि फट पट्टीने थोडी रुंदावून बॅटरीचा झोत तिरका टाकला तर आकड्याची पांढुरकी किंवा चकचकीत कड कधीकधी दिसतेही.

५. सगळ्या क्लिपा एकाच वेळी उचलून धरा

बहुतेकांचं काम इथेच फसतं. एक क्लिप उचलली, टक् आवाज आला, की आपण पट्टी काढून दुसरीकडे जातो. पट्टी काढली की पहिली क्लिप पुन्हा खाचेत बसते. जितक्या क्लिपा तितक्या पट्ट्या आत ठेवायच्या. त्या शेवटपर्यंत काढायच्या नाहीत.

पट्टीचं सपाट टोक बरोबर खुणेसमोर धरून सरळ आत ढकला. आधी ती अडेल. किंचित जोर वाढवला की ती उतारावर चढल्याचं बोटांना कळतं, विरोध एकदम कमी होतो आणि पट्टी आणखी ५-६ मिलिमीटर आत जाते. आता पट्टी आकडा आणि खाच यांच्यामध्ये आहे. ती तशीच सोडा. पुढची पट्टी तिच्या समोरच्या क्लिपला घाला, मग उरलेल्या.

पट्टी उतारावर न चढता भिंतीला लागल्यासारखी ठप्प अडत असेल तर जोर लावू नका. त्या खोक्यात आकडा आवरणावर नसून खणावर आहे आणि त्याची उभी बाजू तुमच्याकडे आहे. अशा वेळी क्लिपच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक पट्टी घाला आणि तिथे दुसरी पट्टी तिच्यावर सरकवून जाडी वाढवा. आवरणाची भिंत बाहेर फुगते आणि आकडा मोकळा होतो. याला पट्ट्या जास्त लागतात, म्हणून कार्डं थोडी जास्तच जमवा.

थंडीच्या सकाळी हे काम करू नका. गार आणि जुनं प्लॅस्टिक ठिसूळ असतं, आकडा उचलण्याऐवजी तुटतो. करायचंच असेल तर हेअर ड्रायरची मंद हवा लांबून जोडाच्या रेघेवर फिरवा. हाताला कोमट लागलं की बास. तसा एखादा आकडा तुटला तरी डिस्कला काही होत नाही. फक्त तुकडा आत पडला असेल तर तो शोधून काढा.

६. खण सरकवा

खोकं टॉवेलवर आडवंच राहू द्या. ३.५ इंची डिस्क अर्ध्या किलोहून जड असते. हवेत धरून ओढली आणि एकदम सुटली तर ती जमिनीवर जाते.

दोन्ही अंगठे आवरणाच्या कडेवर टेकवा आणि बोटांनी मागच्या भिंतीची कड आपल्याकडे घ्या. दाब हळू आणि सतत ठेवा. हिसका मारू नका. खोकं टेबलावर आपटून डिस्क खाली आणायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

खण कसा हलतो त्यावरून काय अडलंय ते कळतं. अजिबात हलला नाही तर एकतर स्क्रू राहिलाय, नाहीतर दिशा चुकलीय. एक कोपरा पुढे आला आणि दुसरा जागेवरच राहिला तर त्या कोपऱ्याजवळची क्लिप सुटलेली नाही किंवा तिथली पट्टी निसटलीय. तेवढीच पट्टी पुन्हा बसवा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि दोन्ही बाजूंनी सारखा २-३ मिलिमीटर बाहेर येऊन थांबला तर क्लिपा सगळ्या सुटल्या आहेत. आता आत दुसरंच काहीतरी धरून बसलंय.

आमचं तसंच झालं. खण दोन्हीकडून सारखा, जेमतेम ३ मिलिमीटर आला आणि थांबला. ओढल्यावर तो किंचित ताणून यायचा आणि सोडलं की परत आत जायचा. प्लॅस्टिक अडलं तर ठणकन अडतं. हे ताणून परत जाणं रबराचं होतं. डिस्कची थरथर बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या बाजूंना रबरी बुशिंग लावलेली असतात. वर्षानुवर्षं डिस्कची उष्णता खाऊन ती चिकट झाली होती आणि आवरणाच्या आतल्या भिंतीला धरून बसली होती. एव्हाना क्लिपा खाचेतून पुढे आल्या होत्या, त्यामुळे पट्ट्या काढता आल्या. एक लांब पट्टी आवरणाच्या भिंतीला अगदी लगटून, डिस्कच्या धातूच्या बाजूने आत सरकवली. बोर्डच्या बाजूने ती अजिबात घातली नाही, आणि १५ मिलिमीटरची मर्यादा मोडायची ती फक्त इथे. बुशिंगपाशी पट्टी जड झाली, तिथे ती पुढेमागे केली. एकेक बुशिंग भिंतीपासून सुटत गेलं आणि खण सावकाश बाहेर आला. इथे पेट्रोल, थिनर किंवा तेलाचा फवारा आत मारायचा मोह टाळा. तो बोर्डवर आणि कनेक्टरमध्ये जातो.

कधी समोरच्या दिव्याचा प्रकाश नेणारी पारदर्शक प्लॅस्टिकची काडी आवरणात अडकते. खण सरळ ओढला तर ती निघते. तिरका केला तर मोडते, पण मोडल्याने फक्त दिवा दिसायचा बंद होतो.

७. डिस्क खणातून आणि बोर्ड डिस्कवरून

आता स्क्रूड्रायव्हर घ्यायला हरकत नाही. आधी एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. डिस्क कडांनी धरा. हिरव्या किंवा निळ्या बोर्डला बोटं लावू नका.

बुशिंग खणाच्या खाचांतून उचलली की डिस्क सुटते. मग यूएसबीचा छोटा बोर्ड दिसेल. त्याचे एक-दोन स्क्रू काढा आणि तो डिस्कच्या साटा कनेक्टरमधून सरळ मागे ओढा. वरखाली हलवू नका. डिस्कच्या कनेक्टरमध्ये इंग्रजी एलच्या आकाराची प्लॅस्टिकची जीभ असते. बोर्ड तिरका ओढला की ती मोडते आणि डिस्क जोडणं फार अवघड होऊन बसतं.

डिस्कच्या झाकणाचे टॉर्क्स स्क्रू मात्र काढायचे नाहीत. आत चकतीपासून काही नॅनोमीटरवर हेड तरंगत असतं. धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर आहे. झाकणावरच्या छिद्रावर चिकटपट्टीही लावू नका.

सुटा झालेला बोर्ड पिशवीत घालून, मॉडेल नंबर लिहून ठेवा. टाकू नका. कारण पुढच्या पायरीत आहे.

८. जोडा आणि आधी डेटा उतरवा

डॉक स्वतःच्या अडॅप्टरचा हवा. नुसत्या यूएसबीवर चालणारी साटा केबल २.५ इंची डिस्कपुरती असते. ३.५ इंचीला लागणारे १२ व्होल्ट ती देत नाही आणि डिस्क फिरतच नाही.

विंडोजने You must initialize a disk असा संदेश दाखवला तर Cancel दाबा. फॉरमॅट करायला विचारलं तरीही Cancel. डेटा गेलाय असं लगेच समजू नका. काही खोक्यांचा बोर्ड, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी, लिहिताना सगळा डेटा एन्क्रिप्ट करतो. काही बोर्ड डिस्कचे सेक्टर वेगळ्या मापाचे दाखवतात. दोन्ही बाबतीत थेट जोडलेली डिस्क विंडोजला कोरी वाटते. तेव्हा तो मूळ बोर्डच दुरुस्त करावा लागतो. सॉकेट सैल असेल तर मोबाईल दुरुस्तीवाला बारीक सोल्डरिंग करून ते पक्कं करू शकतो. दुरुस्त बोर्ड डिस्कला लावला की डेटा पूर्वीसारखा दिसतो.

डॉकऐवजी पीसीच्या केबलला जोडली आणि ती फिरलीच नाही, तर दुसरं कारण असू शकतं. एक्स्टर्नल खोक्यांतून निघालेल्या काही डिस्क पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट मिळाले की बंदच राहतात. डॉकवर चालते का बघा. तिथे चालली तर डिस्क चांगली आहे.

भावाची डिस्क डॉकवर लगेच दिसली. त्यावर काही नवीन लिहिण्याआधी फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवले. मोठे फोल्डर असतील तर कमांड प्रॉम्प्टमधून हे सोपं जातं. ड्राइव्हची अक्षरं आणि फोल्डरचं नाव तुमच्याप्रमाणे बदला:

```
robocopy "E:\Photos" "F:\Photos" /E /R:1 /W:1
```

शेवटचे दोन पर्याय गाळू नका. ते नसतील तर वाचता न येणाऱ्या एका फाइलपाशी ही कमांड १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत बसते. त्या पर्यायांमुळे ती एकदाच पुन्हा बघते आणि पुढे जाते. शेवटच्या तक्त्यात FAILED खाली शून्य आहे का ते तपासा. शून्य नसेल तर वर सरकून कोणत्या फाइल राहिल्या ते लिहून घ्या आणि तेवढ्याच वेगळ्या कॉपी करून बघा.